कॅन्सरनंतर सूतगिरणीत परत कामावर जाताना: फिटनेसचा कागद, हजेरी आणि पगार

माझी ट्रीटमेंट संपली तेव्हा डॉक्टरांनी एका ओळीचा कागद दिला, फिट फॉर ड्युटी. मी तो दुसऱ्याच दिवशी गिरणीच्या टाइम ऑफिसात नेऊन दिला आणि तिसऱ्या दिवशी मला माझ्या जुन्याच रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, उभं केलं, आठ तास, पहिली पाळी. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, किमोमुळे बोटांना मुंग्या, आणि काम काय तर तुटलेला धागा सांधायचा आणि भरलेल्या बॉबिनचे डबे ओढायचे. चार दिवसांत हात सुजला. सुपरवायझर भाऊ काही वाईट माणूस नव्हता, तो म्हणाला, "ताई, कागदावर तर फिट लिहून आहे, मंग मी काय समजू?" आणि खरं सांगते, त्याचं बरोबरच होतं. कागदात जे लिहिलं तेच त्याला दिसणार ना.

म्हणून हे लिहून राहिली आहे. आपल्याकडे वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या गावागावातून बायका-माणसं सूतगिरणीत जातात, कोणाला स्तनाचा कॅन्सर, कोणाला खर्ऱ्यामुळे तोंडाचा. उपचाराचं सगळे सांगतात, पण परत कामावर कसं जायचं, आणि मधल्या काळात घर कशावर चालवायचं, हे कोणी बसून सांगत नाही. मी ब्रेस्ट कॅन्सरचं आणि गिरणीचं सांगते कारण मला तेच माहीत आहे, तोंडाच्या पेशंटला हाताऐवजी जबडा, गिळणं, बोलणं हे प्रश्न असतात, पण कागद मागायची पद्धत तीच.

सगळ्यात आधी पगाराची स्लिप काढा

कामाच्या आधी पैशाचं बोलू, कारण पैशाच्या घाईनेच आपण लवकर परत जातो आणि हात बिघडवून बसतो.

स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, म्हणून कापलेली रक्कम आहे का बघा. पगाराच्या 0.75 टक्के कापतात, म्हणजे 12,000 पगार असेल तर 90 रुपये. आपल्याला वाटतं 90 रुपये कुठं तरी गेले, पण त्याच्यावर गिरणी स्वतःचे 3.25 टक्के भरते आणि त्यातूनच आजारपणाचा पगार मिळतो. महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असणारे यात येतात. ठेकेदाराकडून कामाला असाल तरी ठेकेदाराला हे भरावंच लागते.

एक गोष्ट मात्र नीट पहा. जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम करणाऱ्या बाया मला विचारतात की आम्हाला पण मिळेल का. कपाशीचं जिनिंग हे हंगामी कारखान्यात धरतात आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नसते, त्यामुळे जिथं नुसतं जिनिंग-प्रेसिंग चालते तिथं बहुतेक हे कापतच नाहीत. सूतगिरणी बारा महिने चालते, तिथं लागते. म्हणून अंदाज नको, स्लिपच बघा, स्लिप देत नसतील तर टाइम ऑफिसातून आपला विमा नंबर विचारा.

आता किती मिळते ते. साध्या आजारपणात ईएसआय रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के देते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण कॅन्सर हा त्यांच्या लांबलेल्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे ते 91 दिवस संपले की पुढं 80 टक्के मिळतात आणि हे दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. अट अशी की आजार निघाला तेव्हा सलग दोन वर्षं नोकरी झालेली पाहिजे आणि त्या दोन वर्षांत, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या चार मुदतींत मिळून, निदान 156 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. इथंच ठेकेदाराकडच्या लोकांचं अडते. ठेकेदार बदलला की नवा माणूस नवा विमा नंबर काढून देतो आणि दोन वर्षं नोकरी होऊनही कागदावर सहाच महिने दिसतात. नवीन ठेकेदाराला आपला जुना नंबरच द्यायचा, आजार असो नसो.

माझा हिशोब करून दाखवते म्हणजे समजेल. सोपं पडावं म्हणून रोजचा सरासरी पगार 400 धरा. 70 टक्के म्हणजे 280, ते 91 दिवस, झाले 25,480. किमो, ऑपरेशन, शेक सगळं मिळून मला साडेनऊ महिने लागले, म्हणजे पुढचे साधारण 200 दिवस 80 टक्क्यांनी, रोज 320, झाले 64,000. एकूण 89,480 रुपये. हा पैसा माझ्या हक्काचा होता आणि पहिले चार महिने मला कोणी सांगितलंच नाही. दवाखान्यातल्या सोशल वर्करबाईने माझी स्लिप पाहून विचारलं की तुम्ही क्लेम नाही केला का, तेव्हा कळलं. मागच्या दिवसांचं सर्टिफिकेट काढायला खूप फिरावं लागलं आणि काही दिवस बुडालेच. म्हणून निदान झालं की त्याच आठवड्यात ईएसआयच्या डॉक्टरकडं जायचं, उपचार दुसऱ्या दवाखान्यात महात्मा फुले योजनेत चालू असले तरी कामावर न येण्याचं सर्टिफिकेट ईएसआयकडूनच घ्यायचं, दरवेळची मुदत संपायच्या आधी पुढचं, आणि प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवायची.

अजून एक. ईएसआयचा आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला आपल्याला कामावरून काढता येत नाही, तसा नियम आहे. म्हणून कोणी म्हटलं की सध्या राजीनामा लिहून द्या, बरं झाल्यावर परत घेऊ, तर लिहून देऊ नका. कितीही गोड बोलून म्हटलं तरी नाही. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटीची वर्षं पण परत शून्यापासून मोजतात, आणि राजीनामा न देता नुसती आजारपणाची गैरहजेरी राहिली असती तर सेवा सलगच धरली असती.

अर्धा दिवस की हलकं काम?

हे मला सगळ्यात उशिरा समजलं आणि सगळ्यात महाग पडलं असतं, म्हणून थांबून सांगते.

सगळे सल्ला देतात की सुरुवातीला अर्धा दिवस जा, हळूहळू वाढवा. शहरात महिन्याच्या पगारावर असणाऱ्याला ठीक आहे. आपल्याकडं काय होते, ज्या दिवशी कामाचा पगार मिळतो त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे अर्धी पाळी केली तर गिरणी देणार 200, आणि घरी असती तर ईएसआयने दिले असते 320. थकून, बसभाडं भरून, 120 रुपये कमी. मी वहीत हे मांडलं तेव्हा घरच्यांना पण पटलं की अजून एक महिना घरी राहिलेलं बरं.

म्हणून माझं म्हणणं असं की, ईएसआयचे दिवस बाकी असतील तर अर्ध्या दिवसाची घाई करू नका, ते दिवस ताकद यायला वापरा, रोज सकाळी चालणं वाढवत न्या, फिजिओने दिलेला हाताचा व्यायाम करा, आणि ज्या दिवशी पूर्ण पाळी हलक्या कामावर निभेल असं वाटते तेव्हा जा. गिरणीला पण अर्ध्या पाळीचा माणूस परवडत नाही, मशीन सांभाळणारा सायडर अर्ध्या पाळीचा चालत नाही, पण पूर्ण पाळीचा हलक्या कामाचा माणूस त्यांना लागते. ईएसआय नसेल किंवा दिवस संपले असतील तर मात्र अर्धा दिवसच मागा, तिथं 200 हे शून्यापेक्षा बरे.

पूर्ण पाळी निभेल की नाही हे घरीच पाहता येते. गिरणीत जितका वेळ उभं राहावं लागते तितका वेळ सलग तीन दिवस घरात हिंडत-फिरत, स्वयंपाक, भांडी, अंगण करत रहा, दुपारी आडवं न होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दिवसापेक्षा जास्त थकवा असेल तर अजून वेळ आहे. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, तो साठत जाते, म्हणून एका दिवसावर विश्वास ठेवू नका.

डॉक्टरांकडून कागद कसा घ्यायचा

डॉक्टरांना आपलं काम माहीत नसते. रिंगफ्रेम म्हणजे काय हे नागपूरच्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार, त्यांना वाटते बाई गिरणीत आहे म्हणजे बसून काही तरी करत असेल. म्हणून मी दुसऱ्या वेळी जाताना एका पानावर काम लिहून नेलं: आठ तास उभं राहून चालणं, बोटांनी धागा सांधणं, बॉबिनचे डबे ओढणं, खात्यात दमट गरमी, कारण धागा तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवतात, आणि तीन आठवड्यांनी एकदा रात्रपाळी. डॉक्टरांनी ते वाचलं आणि पाच मिनिटांत पूर्ण वेगळा कागद लिहून दिला.

त्या कागदात काय असावं? आजाराचं वर्णन कमी आणि कामाचं जास्त. माझ्या कागदात होतं: कामावर रुजू होण्यास योग्य, खालील मर्यादांसह. डाव्या हाताने 3 किलोपेक्षा जास्त उचलणं-ओढणं नको. बोटांची बधिरता असल्याने बारीक धाग्याचं आणि चालत्या मशीनवरचं काम नको. रात्रपाळी नको. दर दोन तासांनी दहा मिनिटं बसायला. दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी एक दिवस. मुदत तीन महिने, नंतर पुन्हा तपासून. ही मुदत फार महत्त्वाची. मालकाला कायमचं ओझं वाटलं तर तो दचकते, तीन महिने म्हटलं की तो हिशोब करू शकते. किलोचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, माझा पाहून लिहून घेऊ नका, तुमच्या हाताचं डॉक्टर किंवा फिजिओ सांगतील.

बोटांच्या बधिरतेचं लाजू नका. पॅक्लिटॅक्सेलसारख्या किमोने बोटांच्या टोकाला मुंग्या येतात, बहुतेकांचं महिन्या-महिन्यांनी कमी होते, काहींचं राहून जाते. साडीच्या पदराला सेफ्टी पिन न बघता लावून पहा, किंवा ब्लाउजचं हुक. ते जमत नसेल तर चालत्या मशीनवर बोट घालू नका, कारण लागलेलं कळतच नाही आणि गाठी काढलेल्या हाताला छोटी जखम पण महागात पडते.

गिरणीत बोलायला जाताना

आधी सुपरवायझर, मग टाइम ऑफिस किंवा लेबर ऑफिसर, सरळ मॅनेजरकडं नको. सुपरवायझरला डावलून गेलं की त्याला राग येते आणि रोजचं काम तोच देणार असते. मी माझ्या भाच्याला सोबत नेलं, बोलायला नाही, ऐकायला, कारण मी घाबरली की अर्धं विसरते.

काय मागायचं हे आधी घरून ठरवून जा. "मला जमेल तसं काम द्या" म्हटलं तर ते काहीच देऊ शकत नाहीत. आपल्याच गिरणीत आपल्याला माहीत असते कोणतं काम हलकं आहे. मी तीन कामं सांगितली: पॅकिंगमध्ये सुताच्या कोनवर लेबल आणि प्लास्टिक लावणं, पण भरलेली बोरी उचलणं नाही; सूत कोनवर गुंडाळणाऱ्या ऑटोकोनर मशीनच्या बाहेर खराब कोन निवडणं; किंवा स्टोअरमध्ये रजिस्टर. लेबर ऑफिसर साहेब म्हणाले, "बाई, स्टोअरला जागा नाही, पॅकिंगला एक सुट्टीवर आहे, तिथं या." दहा मिनिटांत झालं. पहिल्यांदा जेव्हा मी रडत गेली होती तेव्हा अर्धा तास बसून काहीच झालं नव्हतं.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचचा सही-शिक्का घ्या. माझा अर्ज असा होता, हवं तर तसाच उतरवून घ्या:

"मी आपल्या गिरणीत रिंगफ्रेम विभागात सहा वर्षांपासून सायडर म्हणून काम करते. माझे उपचार पूर्ण झाले असून डॉक्टरांनी मला काही मर्यादांसह कामावर येण्यास परवानगी दिली आहे, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी मला पुढील तीन महिने पॅकिंग विभागात, दिवसपाळीत, वजन न उचलण्याचे काम द्यावे ही विनंती. माझा सध्याचा पगार व सेवा कायम ठेवावी. तीन महिन्यांनी मी नवीन प्रमाणपत्र सादर करीन."

"पगार व सेवा कायम ठेवावी" ही ओळ सोडू नका. हलक्या कामाला हलका पगार, असं तोंडी ठरवून टाकतात आणि मग बदलत नाही. तरी ते म्हणालेच की पॅकिंगचा रेट कमी आहे, तर निदान तीन महिन्यांनंतर जुन्या जागी जुना पगार, हे लिहून घ्या.

कायद्याचं खरं खरं सांगते. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, पण कॅन्सर हा आजार म्हणून त्या यादीत नाही. हात कायमचा अधू झाला, किंवा घशाच्या ऑपरेशनने स्वरयंत्र गेलं, तर त्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकते, त्यासाठी swavlambancard.gov.in वर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. सरकारी नोकरीत, म्हणजे झेडपी, एसटी, सरकारी दवाखाना, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागते. खाजगी गिरणीत एवढा जोर नाही. तिथं आपला कागद, आपली जुनी हजेरी आणि बोलणं, यावरच जास्त चालते. म्हणूनच कागदावर मी एवढा जीव टाकून राहिली.

पहिले सहा आठवडे हाताकडं लक्ष

शिंप्याचा टेप घ्या. मनगट, कोपराच्या चार बोटं खाली, कोपराच्या चार बोटं वर, दोन्ही हात, आठवड्यातून एकदा सकाळी मोजून वहीत लिहा. त्या त्या जागी दोन हातांत 2 सेंटिमीटरचा फरक पडला, किंवा आधीपेक्षा फरक वाढत चालला, तर दवाखान्यात दाखवा. त्याच्याही आधी हात जड वाटते, बांगड्या एका हाताला रुततात. हात लाल, गरम होऊन ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट नको, त्याच दिवशी डॉक्टर, कारण ते इन्फेक्शन असते. आणि बाकी काही काम वाढलेलं नसताना ज्या आठवड्यात कोणी "जरा ही बोरी धरता का" म्हटलं आणि आपण धरली, त्या आठवड्याचा आकडा पाहून घ्या. मी हीच वही सुपरवायझर भाऊला दाखवली होती. त्यानंतर त्याने स्वतः पोरांना सांगितलं की ताईच्या हातात बोरी द्यायची नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं जे ऊन असते त्यात हाताची सूज आवरणारी दाबाची घट्ट बाही घालून काम करणं फार कठीण जाते, घामाने कातडी सोलते. आत सुती पातळ कापड चालते का आणि किती तास घालायची, हे फिजिओला विचारूनच ठरवा, स्वतःहून सोडून देऊ नका. टॅमॉक्सिफेनच्या गोळीने अंगातून गरम वाफा येतात त्यात भर. गोळी बंद करायची नाही, साधारण पाच वर्षं चालते, पण पंख्याजवळची जागा मागायला काय हरकत आहे. मी मागितली, मिळाली.

कर्जाचं

बसून एका पानावर लिहा, कोणाचं किती, हप्ता किती, तारीख कोणती. बचत गटाचं असेल तर महिन्याच्या मीटिंगमध्ये स्वतः सांगा, हप्ता चुकायच्या आधी. चुकल्यावर सांगितलं तर ते कारण वाटते. आमच्या गटाने चार महिने नुसतं व्याज घेतलं.

मायक्रोफायनान्सवाले दारात येऊन बसतात, तेव्हा हे माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या अर्ध्यापेक्षा जास्त हप्ते होतील असं कर्ज त्यांनी द्यायचंच नसते, आणि वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नसते, धमकी, शिवीगाळ चालत नाही. एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, हे मात्र करू नका, माझ्या शेजारणीचं तिथूनच बिघडलं.

पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते, फॉर्म 31, ऑनलाइन पण होते. त्याआधी आधार, बँक खातं आणि नावाचं स्पेलिंग जुळतं का पहा, आपल्याकडं आधारवर वेगळं आणि गिरणीत वेगळं नाव असतेच आणि तिथंच अडकते. मी ते शेवटी ठेवलं, आधी ईएसआय, मग गट, मग पीएफ.

तपासणीला जायचा खर्च पण धरा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट, त्यासाठी दवाखान्यातून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागते. पुढच्या तपासणीचा फॉर्म याच तपासणीला मागून घ्या, आणि तपासणीची तारीख त्याच दिवशी टाइम ऑफिसात लिहून द्या. माझी पुढची तारीख आता सुपरवायझर भाऊच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, आदल्या दिवशी तोच मला आठवण करून देते.